दुबईचा पगार की बोटीचा? कर्ज काढण्याआधी गोव्यातल्या घराने करायचा हिशेब

हॉटेल मॅनेजमेंट करून कळंगुट-बागाच्या पट्ट्यात दोन-तीन सीझन काढलेला मुलगा घरी सांगतो की दोन ठिकाणांहून बोलावणं आहे. एक दुबईच्या हॉटेलातलं, दुसरं क्रूझ बोटीवरचं. मग चर्चा सुरू होते ती पगाराची, आणि तिथेच ती बहुतेक वेळा संपते. बोटीचा पगार जास्त, बोट जिंकते. पुढच्या चवथीपर्यंत जुन्या घरावर स्लॅब टाकायचं ठरलेलं असतं, आणि पहिल्या कॉन्ट्रॅक्टची कागदपत्रं घेऊन वडील बँकेत येतात.

मी बरीच वर्षं बार्देशातल्या एका बँकेत एनआरआय खात्यांच्या टेबलावर होतो. समोर बसणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: ‘साहेब, आज दर किती?’ रुपया घसरला की त्या दिवशी फोन वाजायचा थांबायचा नाही. पण ज्या देशातून हा पैसा येतो, तिथलं काम मंदावलं तर काय करायचं, हे मला फार थोड्यांनी विचारलं. या लेखात दोन नोकऱ्या शेजारी-शेजारी ठेवून बघायच्या आहेत, त्या याच प्रश्नासाठी. ब्रिटनचा उल्लेख येईल, पण थोडक्यात.

देश सावरतो म्हणून घर सावरतं असं नाही

आधी देशाची बाजू, कारण वर्तमानपत्रात आपण तीच वाचतो आणि घरालाही तीच लागू आहे असं समजतो.

दुबईतला मुलगा एक्सचेंज हाउसमध्ये दिरहम भरतो आणि इथे आईच्या खात्यात रुपये जमा होतात. मधल्या टप्प्यात ते दिरहम डॉलर बनून भारतीय बँकेच्या परदेशातल्या खात्यात पडतात. बँक ते डॉलर बाजारात विकते. विकत घेणारे असतात तेल कंपन्या, सोन्याचे आयातदार, मशिनरी मागवणारे कारखाने. म्हणजे घरखर्चाला पाठवलेली प्रत्येक रक्कम डॉलरच्या पुरवठ्यात थोडी भर घालते आणि रुपयावरचा ताण तेवढा हलका करते. २०२४-२५ मध्ये भारतात असे सुमारे १३५ अब्ज डॉलर आले. त्या वर्षी मालाच्या आयात-निर्यातीतली तूट सुमारे २८३ अब्ज डॉलर होती, तिचा जवळजवळ निम्मा भाग या पैशाने भरून निघाला. शिवाय हे कर्ज नव्हे. परदेशी गुंतवणूकदार आपला पैसा काढून नेऊ शकतो, पण आईने किराण्यावर खर्च केलेले पैसे कोणी परत मागत नाही.

आता आखातात मंदी आली तर काय होतं? २०१४च्या जूनमध्ये तेलाचं पिंप ११५ डॉलरच्या आसपास होतं, २०१६च्या जानेवारीत ते तीसच्या खाली गेलं. आखाती सरकारांनी हात आखडता घेतला, प्रकल्प थांबले, माणसं परत आली. जागतिक बँकेच्या आकड्यांनुसार भारतात येणारी रक्कम २०१४ मध्ये सुमारे ७० अब्ज डॉलर होती, ती २०१६ मध्ये ६३ अब्जांच्या आसपास उतरली. सात अब्ज गेले. पण त्याच काळात कच्च्या तेलाच्या आयातीचं बिल २०१३-१४ मधल्या सुमारे १४३ अब्जांवरून २०१५-१६ मध्ये ६४ अब्जांवर आलं. म्हणजे एका हाताने सात गेले आणि दुसऱ्या हाताने जवळजवळ ऐंशी वाचले. ज्या कारणाने आखात मंदावलं, त्याच कारणाने भारताची बाजू भक्कम झाली.

देशाला हे आपोआप मिळतं. घराला नाही. दुबईतून परत पाठवलेल्या मुलाच्या घरी पेट्रोल काही रुपयांनी स्वस्त मिळून हप्ता भरला जात नाही.

२०२० मध्ये हीच गोष्ट आणखी ठळक दिसली. त्या वर्षी एप्रिलमध्ये जागतिक बँकेने अंदाज वर्तवला की भारतात येणारा पैसा २३ टक्क्यांनी घटेल. वर्ष संपल्यावर हिशेब लागला तेव्हा घट एक टक्कासुद्धा नव्हती. सुमारे ८३ अब्ज डॉलर आधीच्या वर्षी आले होते, जवळजवळ तेवढेच त्या वर्षीही आले. अमेरिकेत आयटीत काम करणाऱ्यांचे पगार चालू राहिले होते, संकटात घरच्यांना जास्त पाठवणारेही होते. तिसरं कारण फारसं कोणी सांगत नाही. कायमचा परत येणारा माणूस तिकडची सगळी शिल्लक आणि ग्रॅच्युइटी एकदम इकडे वळवतो, आणि आकडेवारीत ती ‘आवक’ म्हणून दिसते. काही घरांचा तो शेवटचा पैसा असतो. तक्त्यात तो वाढीसारखा दिसतो.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. आखातातलं संकट तेल स्वस्त झाल्यामुळे न येता युद्धामुळे आलं, तर देश आणि घर दोघांनाही एकाच वेळी फटका बसतो. २ ऑगस्ट १९९०ला इराकने कुवेत गिळंकृत केलं. कुवेतमध्ये तेव्हा गोव्याचे लोक भरपूर होते. पावणेदोन लाखांच्या घरात भारतीयांना तिथून विमानांनी आणावं लागलं. त्यांचे पगार थांबले, आणि त्याच वेळी तेल मात्र जुलैतल्या विशीच्या आतून ऑक्टोबरपर्यंत चाळीस डॉलरकडे गेलं. परदेशस्थ भारतीयांनी ठेवी काढून घ्यायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं, सोनं गहाण पडलं आणि जुलै १९९१ मध्ये रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं. तेव्हा बुडालेलं घर आणि अडचणीत आलेला देश यांची कारणं एकच होती. तेल स्वस्त होऊन येणारी मंदी घराला जड जाते, देशाला नाही. युद्ध दोघांनाही जड जातं.

दिरहम आणि डॉलर: नावं दोन, चलन एकच

दोन भाऊ असतील तर लोक म्हणतात, एक दुबईत आणि एक बोटीवर पाठवू, म्हणजे जोखीम वाटली जाईल. चलनाच्या बाबतीत असं काही होत नाही. १९९७ पासून दिरहम डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. सौदी रियालही असाच ३.७५ला बांधलेला आहे. बोटीचा पगार डॉलरमध्येच असतो. त्यामुळे रुपयाच्या तुलनेत डॉलर हलला की दिरहम तेवढाच हलणार. खरं वेगळेपण हवं असेल तर ते कुवेती दिनारात थोडंफार मिळतं, कारण तो एकट्या डॉलरला न बांधता चलनांच्या टोपलीला जोडलेला आहे. पौंडात पूर्ण मिळतं.

पण पौंडाचा धडाही बघून ठेवावा. जून २०१६ मध्ये ब्रेक्झिटच्या मतदानाच्या दिवशी पौंड शंभर रुपयांच्या आसपास होता. वर्ष संपेपर्यंत तो ८४वर आला. स्विंडनला गोदामात काम करणाऱ्या गोंयकाराचा तिकडचा पगार एका पेन्सनेही कमी झाला नव्हता, पण इकडे हप्त्याचं गणित सोळा टक्क्यांनी बिघडलं. आता पोर्तुगीज पासपोर्ट काढून थेट ब्रिटनला जाऊन काम करण्याची वाट २०२० संपताच बंद झाली आहे. आधी गेले आणि तिकडचा दर्जा मिळवून बसले त्यांची गोष्ट वेगळी. म्हणून नव्याने निघणाऱ्यासाठी ब्रिटन इथेच बाजूला ठेवू.

दुबई आणि बोट यांच्यात चलन एकच असेल तर फरक उरतो तो नोकरी कशी थांबते यात.

एक हिशेब मांडून बघू

डिचोलीतलं एक घर घ्या. मुलगा चोवीस वर्षांचा, वडील पर्यटकांची टॅक्सी चालवतात, आईचं घरच्या घरी खानावळीचं काम. घर बांधायला पंचवीस लाखांचं कर्ज हवं आहे, पंधरा वर्षांचं. साडेआठ टक्के व्याज धरलं तर हप्ता सुमारे ₹२४,६०० बसतो. दोन्ही नोकऱ्यांत राहणं-जेवण मालकाचं. आकडे मी गोल धरले आहेत आणि दर सोयीसाठी डॉलरला ८८ रुपये, म्हणजे दिरहमला २४ घेतला आहे. तुमच्या हातातल्या ऑफर लेटरचे आकडे घालून हेच पुन्हा करा.

दुबईत पगार २,८०० दिरहम. ६०० स्वतःला ठेवून तो २,२०० पाठवतो, बारा महिने.

बोटीवर १,१०० डॉलर. आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, मग दोन महिने घरी, बिनपगारी. शंभर डॉलर स्वतःला ठेवले तर एका फेरीत ८,००० डॉलर घरी येतात, म्हणजे ₹७,०४,०००. त्यातून मेडिकल, कोर्सचं नूतनीकरण, व्हिसा आणि सुट्टीतला खर्च मिळून ₹५०,००० वजा केले. उरलेली रक्कम आठने नव्हे, दहाने भागायची. हीच चूक सगळ्यात जास्त होते. बोटीवरचा माणूस आपला पगार विचारला की चढलेल्या महिन्यांचा सांगतो, बँकेचा हप्ता मात्र उतरलेल्या महिन्यांतही लागतो.

| | दुबई | बोट |
|---|---|---|
| घरी पोचणारी सरासरी, दरमहा | ₹५२,८०० | ₹६५,४०० |
| हप्ता भरून उरणारे | ₹२८,२०० | ₹४०,८०० |
| नोकरी थांबली तर ठरलेली रक्कम (तीन वर्षांनंतर) | सुमारे ₹७५,६०० | काही नाही |

बोट महिन्याला ₹१२,६०० जास्त देते. इथवर बोटीचंच पारडं जड.

आता दराकडे बघू, कारण सगळ्यांचं लक्ष तिकडेच असतं. डॉलर ८८ वरून ९२ झाला तर दुबईहून येणाऱ्या रकमेत महिन्याला साधारण ₹२,४०० वाढतात. तो दर तीन वर्षं तसाच राहिला तरी एकूण फायदा ₹८५,०००च्या आसपास. नोकरी दोन महिने थांबली तर तेवढ्यात तो सगळा जातो, वर थोडे जास्तच जातात. बरं, रुपया पडतो तेव्हा तेल, सोनं, टाइल्सपासून मोबाइलपर्यंत सगळं महागतं, म्हणजे फायद्यातला काही भाग घरातच परत खर्च होतो. रोज सकाळी दर बघणाऱ्याने त्यातला निम्मा वेळ मुलाच्या कंपनीची बातमी बघण्यात घालवावा, असं मी खिडकीवरून सांगायचो. ऐकणारे थोडे.

दुबईतली नोकरी कशी जाते

ती सहसा एका दिवसात जात नाही. आधी ओव्हरटाइम बंद होतो. मग पगार पाच तारखेचा पंधरा तारखेला येतो. नंतर कंपनी म्हणते दोन महिने बिनपगारी रजेवर घरी जाऊन या. शेवटी कॉन्ट्रॅक्ट संपतं तेव्हा नवं कमी पगाराचं पुढे करतात. घरच्यांना यातलं पहिलं चिन्ह बँकेच्या पासबुकात दिसतं. रक्कम तीच असते, पण तारीख पुढे सरकत जाते. सलग तीन महिने तारीख सरकली तर मुलाला सरळ विचारा. मुलं घरी काळजी नको म्हणून सांगत नाहीत, मित्राकडून उसने घेऊन पाठवतात.

नोकरी गेल्यावर संयुक्त अरब अमिरातीत दोन गोष्टी मिळू शकतात. पहिली ग्रॅच्युइटी. एक वर्ष पुरं झाल्यावर, पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे एकवीस दिवसांचा मूळ पगार. इथे ‘मूळ’ या शब्दाकडे नीट बघा. २,८०० मध्ये मूळ पगार १,५०० आणि बाकी भत्ते असतील तर हिशेब १,५००वरच होतो. दिवसाचे ५० दिरहम, तीन वर्षांचे ६३ दिवस, म्हणजे ३,१५० दिरहम. तक्त्यातले ₹७५,६०० ते हेच. जेमतेम तीन हप्ते. दोन ऑफरचा एकूण पगार सारखा असेल तर ज्यात मूळ पगार जास्त ती घ्यावी. भत्त्यांची रक्कम डोळ्यांत भरते, पण अशा वेळी ती मोजणीतच येत नाही.

दुसरी गोष्ट नोकरी गेल्याचा विमा. १ जानेवारी २०२३ पासून तो तिथे सक्तीचा आहे. आपल्या मुलाच्या पगारवर्गाला महिन्याला पाच दिरहम हप्ता. सलग बारा महिने भरलेला असेल आणि स्वतःच्या चुकीने काढलेलं नसेल, तर मूळ पगाराच्या साठ टक्के, जास्तीत जास्त तीन महिने मिळतात. आपल्या उदाहरणात महिन्याला ९०० दिरहम. पण हा पैसा तिकडे कायदेशीर राहून दुसरी नोकरी शोधणाऱ्यासाठी आहे. परत आलात की तो संपतो. आणि तिकडे राहायचं तर आता खोली आणि जेवण स्वतःचं, त्यात ९०० दिरहम जातातच. म्हणून घरच्या हप्त्याच्या हिशेबात हा विमा शून्य धरा. तो मुलाला तिकडे टिकून दुसरं काम मिळवायला उपयोगी आहे. ते मोठं आहेच, पण इकडचा हप्ता त्याने भरला जात नाही.

दुबईच्या बाजूने बोलायचं तर एक गोष्ट खरी आहे. शहर मोठं आहे, हॉटेल एक नाही हजार आहेत. एका हॉटेलने काढलं तर दुसरं पगार कमी देऊन का होईना घेतं.

बोटीवरची नोकरी जातच नाही, फक्त परत येत नाही

बोटीवर राजीनामा, नोटीस असली भानगड नसते. कॉन्ट्रॅक्ट संपलं, माणूस उतरला, कंपनीशी नातं त्या दिवशी कागदावर संपतं. पुढचं जॉइनिंग लेटर आलं तर पुढची नोकरी. चांगल्या काळात ते सुट्टीतच येतं, म्हणून कोणाला हा फरक जाणवत नाही.

१३ मार्च २०२०च्या सुमारास जगातल्या जवळजवळ सगळ्या क्रूझ कंपन्यांनी एकाच आठवड्यात सफरी थांबवल्या. गोव्यातले तारवटी कुठे अमेरिकेच्या किनाऱ्यालगत, कुठे मुंबईच्या बाहेर समुद्रात बोटीवर अडकून पडले. अमेरिकेतल्या बंदरांतून नेहमीच्या सफरी पुन्हा सुरू व्हायला २०२१चा उन्हाळा उजाडला. म्हणजे पंधरा-सोळा महिने. त्या काळात कंपन्यांनी जुन्या बोटी थेट भंगारात काढल्या, काही तुर्कस्तानात तुटल्या, काही आलंगला. तुटलेल्या बोटीवरच्या जागा परत येत नाहीत.

समुद्री कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय करार आहे. मालकाने बोट वाऱ्यावर सोडली तर घरी पोचवण्याचा खर्च आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार त्यातून मिळू शकतो. पण तो बोटीवर असलेल्यासाठी. सुट्टीवर घरी बसून पुढच्या पत्राची वाट बघणारा त्या करारातून काही मागू शकत नाही. कायद्याच्या दृष्टीने तो कोणाचाच नोकर नसतो.

चिन्हं इथेही असतात, पण ती कमी वेळ आधी दिसतात. जॉइनिंगची तारीख एकदा पुढे गेली तर ते नेहमीचं. दुसऱ्यांदा गेली आणि सोबतच्या दोघा-तिघांचीही गेली, तर पैसा जपायला लागा. आठ महिन्यांऐवजी पाच महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट आलं तर भागाकार पुन्हा करा.

आता मघाचे ₹१२,६०० परत घ्या. पंधरा महिन्यांचे हप्ते म्हणजे ₹३,६९,०००. बोटीचा जादा पैसा रुपयालाही हात न लावता बाजूला ठेवला, तर एवढी रक्कम साठायला एकोणतीस महिने लागतात. म्हणून माझं मत असं की पहिली अडीच वर्षं बोटीचा पगार दुबईपेक्षा जास्त नाहीच. तो फरक या धोक्याची किंमत आहे. तो बाजूला पडण्याआधी खर्च झाला, मोठी गाडी आली, स्लॅबवर आणखी एक मजला चढला, तर घर दुबईच्या घरापेक्षा जास्त उघडं पडतं.

२०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने सहा महिने हप्ते थांबवण्याची मुभा दिली होती, हे खरं. पण व्याज थांबलं नव्हतं. ते मुद्दलात चढलं आणि पुष्कळांची मुदत वाढली. पुढच्या वेळी तेवढीही मुभा मिळेल असं धरून चालू नये.

घरातली दुसरी कमाई कुठून येते?

गोव्यात हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित आहे. आपल्या उदाहरणातले वडील पर्यटकांची टॅक्सी चालवतात. मुलगा क्रूझवर. दोघांचंही पोट पर्यटनावर. २०२० मध्ये बोटी थांबल्या त्याच आठवड्यांत इथलं विमानतळही ओस पडलं. घरात दोन कमाया होत्या, पण त्या एकाच कारणाने एकाच वेळी बंद पडल्या. किनारपट्टीवर ज्यांनी बोटीच्या पैशातून भाड्याच्या खोल्या बांधल्या त्यांचं तर कर्जही पर्यटनाचं, फेडायचा पैसाही पर्यटनाचा.

डिचोली-सांगेच्या खाणपट्ट्याला हे वेगळं सांगायला नको. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा ट्रक, गॅरेज, ट्रकवाल्यांना उधार देणारं दुकान, सगळं एकदम बसलं.

म्हणून वडील टॅक्सी किंवा शॅकवर असतील तर मुलगा बोटीवर पाठवण्याआधी दहा वेळा विचार करा. दुबईतलं हॉटेलही पर्यटनावरच चालतं, त्यामुळे तेही पूर्ण वेगळं नाही. अशा घराला खरं वेगळं काम हवं असेल तर आखातात हॉटेलाबाहेर बघावं, इस्पितळाचं स्वयंपाकघर, कंपनीच्या कॅम्पचं केटरिंग, गोदाम. दिसायला साधं, पण पर्यटक आले-गेले तरी चालू राहणारं. तेल पडलं तर त्यालाही झळ लागेल. पण तेल पडल्याने म्हापशाची टॅक्सी थांबत नाही. उलट घरात कोणी शिक्षक, सरकारी नोकर किंवा औद्योगिक वसाहतीत कायम असेल, तर बोट घ्यायला माझी हरकत नाही.

साठवलेला पैसा कुठे ठेवायचा

यावर फार घोळ घातला जातो. आपल्या माणसासाठी पर्याय मुख्यतः दोन. एनआरई खातं रुपयात असतं, त्याचं व्याज करमुक्त, पैसा परत बाहेर नेता येतो. एफसीएनआर ठेव डॉलर-पौंडासारख्या परकीय चलनातच राहते, एक ते पाच वर्षांची, त्याचंही व्याज करमुक्त.

रुपया पडणार म्हणून सगळं डॉलरमध्ये ठेवायचा मोह होतो. पण तुमचा हप्ता रुपयात आहे आणि पगार आधीच डॉलरवर झुलतो आहे. अडचणीच्या काळात हप्ता भरायचा पैसा रुपयातच असावा. एफसीएनआर मुलाला पुढे तिकडे शिकायचं असेल, किंवा दहा वर्षांनी ब्रिटन-कॅनडाचा विचार असेल तर.

आणि एक बारकावा. एनआरई मुदत ठेव एक वर्षाच्या आत मोडली तर व्याज शून्य मिळतं. एफसीएनआरचंही तेच. म्हणून तीन लाख एकाच ठेवीत टाकू नका. पन्नास-पन्नास हजारांच्या ठेवी वेगवेगळ्या महिन्यांत करा, म्हणजे वर्षभरानंतर कधीही एखादी मोडली तरी व्याज हातचं जात नाही. तीन हप्त्यांइतके पैसे साध्या एनआरई बचत खात्यात राहू द्या. खात्यावर आई किंवा वडिलांना व्यवहाराचा अधिकार आधीच लिहून द्या. मुलगा समुद्रात आणि सही करायला कोणी नाही, या कारणाने खात्यात पैसे असूनही हप्ता चुकलेला मी पाहिला आहे. आणि मुलगा कायमचा परतला की हे खातं निवासी करून घ्यावं लागतं, त्यानंतरच्या व्याजावर कर लागतो.

मग ठरवायचं काय

घरात दुसरी पक्की कमाई नसेल आणि कर्ज लगेच काढायचं असेल, तर दुबई. हप्ता पाठवलेल्या रकमेच्या अर्ध्याच्या आत ठेवा. वरच्या उदाहरणात तो त्या हद्दीत बसतो, पण फार मोकळीक उरत नाही. मी असतो तर पंचवीसऐवजी अठरा लाख घेतले असते. तसा हप्ता ₹१७,७००च्या घरात येतो आणि वेळ आली तर वडील आणि आई मिळून तो ओढू शकतात.

बोट घ्यायची तर पहिल्या तीन कॉन्ट्रॅक्टपर्यंत कर्ज नको. तोवर पाया घाला, चिरे आणून ठेवा, जमतील तेवढी कामं रोखीने करा. बँक पहिल्याच कॉन्ट्रॅक्टवर कर्ज द्यायला तयार असेल. तिला घर गहाण मिळतं, तिची चिंता वेगळी असते.

दोघे भाऊ असतील आणि दोघेही निघणार असतील तर एक बोटीवर आणि एक आखातात, पण आखातातला हॉटेलात नको. चलन एकच राहील. मंदी मात्र दोघांना एकाच दिवशी गाठण्याची शक्यता कमी होईल.

सही करण्याआधी एवढं तपासा. दुबईच्या कागदावर मूळ पगाराचा आकडा वेगळा लिहिलेला आहे का, आणि एजंट emigrate.gov.in वर नोंदलेला आहे का. बोटीच्या एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे जहाजावर माणसं भरती करण्याचा परवाना आहे का. परवानाधारक एजंटला बोटीवर नोकरी लावून देण्यासाठी मुलाकडून पैसे घ्यायला मनाई आहे. जो दोन-तीन लाख मागतो, त्याच्याकडे पुढचं काही विचारत बसू नका. ते पैसे व्याजाने काढून दिले तर बोट सुटण्याआधीच पहिलं कॉन्ट्रॅक्ट त्यात गेलेलं असतं.